सप्टेंबरमध्ये इंग्लंडला, आठ महिन्यांत कोणते कागद कधी?

प्रश्न: सप्टेंबरला इंग्लंडमध्ये एम.एस्सी. सुरू होईल. आता फेब्रुवारी आहे. प्रवेश, फी, व्हिसा आणि घर, कशाला कधी हात घालू?

आधी वडिलांच्या बँकखात्याकडे बघा. मुलीच्या वेळी आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

व्हिसासाठी कॅसवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रवेशनिश्चितीच्या कागदावर, दाखवलेली उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते. नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेर हा खर्च महिना 1,171 पौंड धरतात. फी 20,000 पौंड आणि त्यातले 5,000 भरले असतील, तर 15,000 अधिक 10,539, म्हणजे 25,539 पौंड. विनिमय दर वरखाली होतो, म्हणून थोडे जास्तच ठेवा. 28 वा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांतला हवा.

आमचे पैसे 1 जूनला जमले. 19 जूनला विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक मर्यादेच्या खाली आली. 20 जूनला पैसे भरले, पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून, थेट 17 जुलैपर्यंत. त्या खात्यातले सगळे ऑटो-डेबिट आधीच दुसरीकडे वळवा. पीएफ, शेअर्स चालत नाहीत. मामाच्या किंवा आजोबांच्या खात्यातले पैसेही तिथे असेपर्यंत उपयोगाचे नाहीत, ते वेळेत तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आणा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र घ्या.

खातं आईवडिलांचं असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. तो आजच कपाटातून काढा. आमच्या दाखल्यात मुलीच्या नावाची जागा कोरीच होती! नगरपालिकेतून नाव चढवून घ्यावं लागलं. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही लागेल. हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका.

प्रवेशाचे अर्जही याच दोन महिन्यांत पाठवा. ऑफर आली की ती पक्की करून डिपॉझिट भरा, कारण त्याशिवाय बहुतेक विद्यापीठं कॅस देत नाहीत. त्याच दिवशी विद्यापीठाच्या वसतिगृहाचाही अर्ज करा. त्यासाठी व्हिसाची वाट बघू नका. बाहेर खोली घेतली तर घरमालक बऱ्याचदा इंग्लंडमधला हमीदार मागतो, आणि तो आपण कुठून आणणार?

टीबीची तपासणी मे-जूनमध्ये, तीही मान्यताप्राप्त केंद्रातच करा. प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, म्हणून आताच करू नका.

पैसे 1 जूनच्या आसपास खात्यात स्थिर करा, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला कॅस हाती येताच अर्ज करता येईल. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. अर्ज भरताना आरोग्य अधिभारही एकरकमी भरावा लागतो. तो वर्षाला 776 पौंड आहे आणि वर्षभराहून मोठ्या व्हिसाला त्या हिशेबाने वाढतो. तो 28 दिवसांच्या रकमेतून देऊ नका, वेगळा काढून ठेवा.