फेलोशिपचा इंटरव्ह्यू: पॅनेल तुमच्या पीपीटीतला एकच आकडा धरून बसतं

प्रश्न: पुढच्या महिन्यात फेलोशिपचा इंटरव्ह्यू आहे, पुण्यातच. प्रोजेक्ट मुठा नदीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, म्हणजे डीओवर. खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल आणि बंडगार्डन अशा ४ ठिकाणी फेब्रुवारी ते एप्रिल, कॉलेज सुटल्यावर दुपारी ३ च्या सुमारास सॅम्पल घेतलेत. म्हात्रे पुलाला डीओ ९.२ आलाय. बीओडी विठ्ठलवाडी ६.८, म्हात्रे पूल ७.०, बंडगार्डन ६.९. पॅनेल काय विचारेल? मोटिव्हेशनचं उत्तर कसं देऊ?

उत्तर:

वयाने बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. मी केमिस्ट्रीवाला, अशा पॅनेलवर काही वर्षं बसलोय आणि त्याआधी एकदा समोरच्या खुर्चीत बसून सपशेल आपटलोयसुद्धा, ते पुढे सांगतो.

लोकांना वाटतं पॅनेलकडे प्रश्नांची यादी असते. नसते गं. तू बोलत असताना तिघं-चौघं स्लाइड बघत असतात आणि कुणाची तरी नजर एका आकड्यावर अडकते, मग पुढची १५ मिनिटं त्या आकड्याचंच खोदकाम चालतं. तुझ्या बाबतीत तो आकडा मला आत्ताच दिसतोय, म्हात्रे पुलाचा ९.२.

पहिला प्रश्न साधा येईल, "९.२ म्हणजे चांगलं की वाईट?" आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान ५ लागतो, आपला ९.२ आहे, म्हणजे नदी इथे बरी आहे, असं बोललीस की संपलं. कारण लगेच दुसरा प्रश्न, "त्या पाण्याचं तापमान किती होतं, आणि त्या तापमानाला पुण्यात पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळतो?" समज २७ अंश होतं. पुस्तकातल्या टेबलात २७ अंशाला ७.९७ मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलंय, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ७६० ऐवजी ७१० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून इथे तो आकडा ७.४ च्या जवळ येतो. म्हणजे तुझं पाणी सव्वाशे टक्के भरलेलं आहे. गटाराचं पाणी मिसळणाऱ्या नदीत हवेतून मिळू शकतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन आला कुठून?

इथून पॅनेलला बघायचं असतं की तू पाठ केलंयस की विचार केलायस. उत्तराच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही तुझ्या तोंडून यायला हव्यात. एक, आकडा खरा आहे. दुपारी ३ ला ऊन कडक, पाणी संथ, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हिरवं शेवाळ माजलेलं, ते दिवसभर ऑक्सिजन सोडतंय. तेच शेवाळ आणि बॅक्टेरिया रात्रभर ऑक्सिजन खातात, सोडत काहीच नाहीत, त्यामुळे त्याच जागी पहाटे डीओ तळाला गेलेला असू शकतो. मासे मरतात ते पहाटे, दुपारी नाही. म्हणजे तुझा ९.२ हा नदी बरी असल्याचा पुरावा नाहीच, उलट आजाराचं लक्षण असू शकतं. दोन, आकडा चुकलाय. मीटर वापरलं असशील आणि कॅलिब्रेट करताना पुण्याचा दाब टाकला नसशील तर रीडिंग साधारण ७ टक्के जास्त येतं. विंकलर पद्धतीने टायट्रेशन केलं असशील तर दोन ठिकाणी गफलत होते: बाटली भरताना बुडबुडे अडकतात, किंवा अझाइड न घालता साधं आयोडाइडच वापरलं जातं, मग सांडपाण्यातलं नायट्राइट आयोडीन सोडवतं आणि ऑक्सिजन नसतानाही असल्यासारखा दिसतो.

मग विचारतील, दोन्हीपैकी कुठलं हे कसं ठरवशील? उत्तर फार महागडं नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, सूर्योदयाआधी एक सॅम्पल. पहाटे १-२ आला तर शेवाळाची गोष्ट खरी. पहाटेही ८-९ च दाखवत असेल तर नदी सोड, आधी तुझ्या बाटल्या आणि रिएजंट तपास.

आता माझी फजिती. माझ्या इंटरव्ह्यूत मी ऐटीत सांगितलं, सगळे सॅम्पल लॅबमध्ये आणून टायट्रेट केले. एका बाईंनी शांतपणे विचारलं, कशात आणले? म्हटलं, ५ लिटरच्या कॅनमधून, स्कूटरवरून. "किती भरलेला होता कॅन?" अर्धा. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हातानेच कॅन हलवून दाखवला. अर्धा तास खड्ड्यांतून घुसळलेल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन मिसळत होता आणि मी तो नदीचा म्हणून मांडत होतो. मला तिथेच घाम फुटला. डीओचं सॅम्पल नदीकाठीच फिक्स करायचं असतं, काचेच्या बाटलीत, बुडबुडा न ठेवता, मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून. त्यावरून आठवलं, ज्याने काम स्वतः केलंय की नाही अशी शंका येते त्याला मी हमखास विचारायचो, "बाटलीतल्या गाळाचा रंग कसा होता?" ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. ज्याने स्वतः बाटली हलवलीय तो डोळे मिटून सांगतो, आणि ज्याच्यासाठी लॅब असिस्टंटने केलंय तो छताकडे बघतो.

दुसरी खोच तुझ्या बीओडीत आहे. ६.८, ७.०, ६.९. तीन ठिकाणचे आकडे इतके सारखे बघून संख्याशास्त्रवाला माणूस खूश होणार नाही, सावध होईल. बीओडी म्हणजे बंद बाटलीत अंधारात ठेवलेल्या पाण्यातल्या जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला, आपल्याकडे २७ अंशाला ३ दिवस. पण बाटलीत मुळात ७ च्या आसपास ऑक्सिजन असेल आणि पाणी घाण असेल तर पहिल्याच दिवशी सगळा फस्त होतो, तिसऱ्या दिवशी बाटलीत शून्य. मग वजाबाकी ७ च येणार, पाणी थोडं घाण असो की भयंकर. थोडक्यात तुझे तिन्ही आकडे "७ किंवा त्याहून कितीही जास्त" एवढंच सांगतायत. वहीत शेवटच्या दिवसाचा डीओ बघ, शून्य किंवा शून्याच्या जवळ असेल तर हेच झालंय.

ते नीट करायचं तर पाणी पातळ करावं लागतं. समज ३०० मिलीच्या बाटलीत ३० मिली नदीचं पाणी आणि बाकी डायल्यूशन वॉटर, म्हणजे १० पट. सुरुवातीला ७.४, तिसऱ्या दिवशी ४.३, फरक ३.१, गुणिले १०, बीओडी ३१. नियम असा की किमान २ चा फरक पडायला हवा आणि शेवटी किमान १ शिल्लक राहायला हवा, तरच आकडा धरायचा, म्हणून २-३ वेगवेगळी डायल्यूशन लावतात, एखादं तरी या चौकटीत बसतं. मुक्काम पोस्ट इंटरव्ह्यू रूममध्ये पोचल्यावर हे पॅनेलकडून कळण्यापेक्षा तूच स्लाइडवर लिही की हे आकडे खालची मर्यादा आहेत, फेरचाचणी चालू आहे. मी स्वतः अशा उमेदवाराला जास्त मार्क दिलेत.

बंडगार्डनबद्दल एक छोटासा पण बोचरा प्रश्न येईल: ती मुठा आहे का? नाही ना. संगमाच्या पुढे ती मुळा-मुठा, आणि मुळेला त्याआधी दापोडीजवळ पवना मिळालेली असते, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं पाणीही त्यात आलं. "मुठा नदीचा अभ्यास" या शीर्षकाखाली ते ठिकाण ठेवायचं तर कारण हवं. शिवाय सॅम्पल बंधाऱ्याच्या वर घेतलं की खाली? खाली पाणी आपटून हवा मिसळते, डीओ आपोआप वर जातो. फोटो असेल तर ठेव.

आता मोटिव्हेशन. "लहानपणापासून नदीकाठी राहतो", "आजीने पानशेतच्या १९६१ च्या पुराच्या गोष्टी सांगितल्या", हे इतक्यांदा ऐकलंय की पॅनेलवर आम्ही एकमेकांकडे बघायचो. पुराचा आणि डीओचा संबंध काय? खरा प्रश्न निराळ्या शब्दांत येतो आणि तो टोचतो: "प्रदूषण नियंत्रण मंडळ या नदीचं पाणी तपासतंच, मग तुझं काम कशाला?" इथे पर्यावरण, जनजागृती वगैरे काढलंस तर पुढचा माणूस घड्याळ बघेल. तुझं खरं उत्तर वरच्याच ९.२ मध्ये आहे. महिन्यातून एखाद्या वेळी, दिवसाउजेडी घेतलेल्या सॅम्पलला दिवस-रात्रीतला चढउतार दिसतच नाही. मला माझाच आकडा खटकला, पहाटे गेले तर काय दिसेल हे बघायचंय, त्यासाठी फेलोशिप हवी. एवढंच बोल. तुझी ओढ त्यातच दिसते, वेगळी सांगावी लागत नाही. (पहाटे गेलीसच नाहीस तर मात्र हे वाक्य उसनं वाटेल आणि तेही त्यांना कळेल.)

यालाच जोडून "मग पाषाणचं तळं का नाही, मुठाच का?" असं येऊ शकतं. त्याला एक चांगलं उत्तर आहे. खडकवासल्याचं पाणी पावसाळा सोडला तर बरंचसं कालव्यात आणि शहराच्या नळांत जातं, शहरातल्या पात्रात वाहतं त्यात मोठा वाटा सांडपाण्याचा. म्हणजे धरणाच्या खाली ते म्हात्रे पूल एवढ्याशा अंतरात जवळजवळ स्वच्छ पाण्यापासून सांडपाण्यापर्यंतचा अख्खा बदल एकाच नदीत मिळतो. तळ्यात तो मिळत नाही.

शेवटाकडे कुणीतरी विचारेलच, या डेटावरून काय म्हणता येणार नाही? पावसाळ्याबद्दल काही नाही, रात्रीबद्दल काही नाही, बीओडीची वरची मर्यादा नाही. एका दमात सांगून थांब. "पण तरीही..." असं सुरू केलंस की ते परत खोदायला घेतील.

महिना आहे हातात. म्हात्रे पूल आणि विठ्ठलवाडी, दोनच ठिकाणी, लागोपाठ तीन दिवस, पहाटे साडेपाचला आणि त्याच दिवशी दुपारी ३ ला. एकूण १२ बाटल्या, डुप्लिकेट धरून २४. टॉर्च ने, कुणाला तरी सोबत घे, एकटी पात्रात उतरू नकोस, आणि रिएजंट काठावरच घाल. आकडे आले की इथे टाक, बघू.