शून्याकडे जाणारं चल, पण सरासरी १ वरच

पुण्यात एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आलेली बहुतेक मुलं पहिल्या सेमिस्टरला इथेच अडखळतात, म्हणून तुला सांगतो: प्रमेय पाठ करण्याआधी हे एक उदाहरण हाताने सोडव.

(0,1) मधून एकसमान वितरणाने U निवड. U < 1/n असेल तर Xₙ = n, नाहीतर 0. समजा U = 0.03 आला. मग n = 33 पर्यंत Xₙ = n, आणि 34 पासून पुढे कायम शून्य. U कितीही लहान असो, तो शून्याहून मोठाच आहे, त्यामुळे कधीतरी 1/n त्याच्या खाली जातोच. म्हणजे Xₙ संभाव्यता एकने शून्याकडे जातो.

आता अपेक्षित मूल्य काढ: n × 1/n = 1, प्रत्येक n साठी. अभिसरण एकेका U चा मार्ग धरून बघतं, तर अपेक्षित मूल्य n पक्का धरून सगळ्या U वर बेरीज करतं. n वाढेल तसे शून्याजवळचे आणखी थोडेच U ती सगळी बेरीज पेलतात.

सिम्युलेशनवर मात्र इथे विसंबू नकोस. n दहा लाख घेऊन 10,000 नमुने काढलेस, तर सुमारे 99 टक्के वेळा सगळे शून्यच दिसतील आणि सरासरीही 0 येईल.

मर्यादा आणि अपेक्षित मूल्य यांची अदलाबदल करू देणारं डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स प्रमेय इथे का लागू होत नाही, तेही तपास. सगळ्या Xₙ ना झाकणारं चल निदान 1/U − 1 एवढं तरी हवं, आणि त्याचं अपेक्षित मूल्य अनंत येतं. अट तीच ठेवून Xₙ ची किंमत n ऐवजी √n ठेवून बघ: अपेक्षित मूल्य 1/√n होतं आणि शून्याकडे जातं.