कॉम्प्रेसर लावला की पॉडकास्टचा आवाज दबका होतो आणि श्वास मोठा ऐकू येतो, काय बदलू?

अटॅक १५ मिलिसेकंदांच्या आसपास न्या आणि रिलीज १५० च्या, बहुतेक गडबड तिथंच असते. अटॅक १-२ वर असला की प, ट, क ची सुरुवातच चेपली जाते म्हणून आवाज दबका वाटतो, आणि रिलीज ३०-४० असेल तर शब्द संपल्या संपल्या गेन परत वर येतो, तेवढ्यात तुम्ही घेतलेला श्वास फुगतो. थ्रेशोल्ड मात्र मीटर बघूनच लावा, माझे आकडे उचलू नका: समजा जोरात बोललेला शब्द -९ डीबीला जातोय, थ्रेशोल्ड -१८, रेशो ३:१, तर वरच्या ९ डीबीचे ३ उरतात, म्हणजे ६ कमी झाले, बोलण्याला बास. पण खोलीत पंखा चालू असेल तर मेकअप गेनने तोही वर येणारच, तिथं रिलीज काही करू शकत नाही.