भाड्याच्या गाळ्यावर जीएसटी नोंदणी

पुण्यात भाड्याच्या गाळ्यात कपड्यांचं दुकान टाकतोय. जीएसटी कधी लागतो, कागद कोणते, पाहणीला कोणी येतं का?

फक्त मालविक्री असेल तर वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्यावर. सेवांसाठी मर्यादा 20 लाख. परराज्यात कपडे विकणार असाल तर मात्र उलाढाल न बघता आधीच नोंदणी करा. पॅन, आधार, फोटो, भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं वीजबिल लागतं. अर्ज बहुतेकदा अडतो तो पत्त्यावर. करारात ‘गाळा 4’ आणि बिलावर ‘दुकान 4अ’ असेल तर खुलासा मागणारी REG-03 नोटीस येते. उत्तर 7 कामकाजाच्या दिवसांत REG-04 फॉर्ममध्ये द्यायचं. म्हणून करार करतानाच पत्ता बिलावरून उतरवा. आधार पडताळणी केली नाही किंवा अधिकाऱ्याला शंका आली, तर जागेची पाहणी होते. तेव्हा गाळा उघडा असावा, नावाची पाटी लावलेली असावी. कुलूप दिसलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.