बोलल्यासारखा निबंध १२० शब्दांत कसा बसवायचा

तुझा 'पावसातला एक दिवस' वाचला, मजकूर छान आहे पण १९० शब्द झालेत आणि सगळा एकच परिच्छेद, म्हणून आधी काहीच खोडू नकोस, फक्त प्रत्येक वाक्यासमोर स, म किंवा शे लिही, म्हणजे सुरुवात, मधला भाग की शेवट ते कळेल. बोलताना आपण मधूनच आठवेल ते सांगतो, त्यामुळे आभाळ भरून आल्याचं तुझं वाक्य पार खाली गेलंय, खरं तर तीच तुझी प्रस्तावना.

मग शब्द वाटून घे: प्रस्तावनेला २५, मधल्या दोन परिच्छेदांना ३५-३५, समारोपाला २५. एका परिच्छेदात एकच गोष्ट, पहिल्यात भिजणं, दुसऱ्यात घरी परतणं.

आता काटछाट. तू लिहिलंयस, 'मग काय झालं की आम्ही ना सगळे बाहेर पळालो आणि मग खूपच पाऊस आला ना तर सगळे भिजलो', हे १८ शब्द. त्याऐवजी 'आम्ही सगळे बाहेर धावलो आणि मुसळधार पावसात चिंब भिजलो', फक्त ९, आणि काहीच हरवलं नाही. मग, ना, म्हणजे, काय झालं की हे आधी काढ, बहुतेक जादा शब्द तिथेच असतात. 'झालं' हे बोलण्यातलं रूप, त्याचं लिहिण्यातलं 'झाले' सगळीकडे कर, अर्धवट नको, मिसळलेलं लगेच खटकतं.

समारोपात नवीन प्रसंग आणू नकोस, छत्री हरवल्याचं वाक्य घरी परतण्याच्या परिच्छेदात टाक.