डॉक्टर मॅडमना लिहायचं आभारपत्र

प्रिय बेटा,

तू पाठवलेला मसुदा वाचला. आई मेडिकल हॉस्पिटलमधून घरी आली, चालती-फिरती झाली, हे वाचून बरं वाटलं. ‘काका, फक्त व्याकरण तपासून द्या’ असं तू म्हणतेस. व्याकरण तपासतो, पण या पत्राची खरी अडचण तिथे नाही. म्हणून थोडं लांबून सुरुवात करतो.

तुझा मसुदाच आधी समोर ठेवू या: ‘आदरणीय डॉक्टर मॅडम, देवाच्या रूपाने आपण आमच्या आयुष्यात आलात. आपण आपल्या आईची जी काळजी केली आणि तुम्ही जी उत्तम सेवा दिली त्याबद्दल मी आपले मनपूर्वक आभारी आहे. आज आई घरी आल्या आहेत. आपण माझी खूप मदत केली. डॉक्टर हे खरंच देवाचे दुसरे रूप असतात. आपल्या उज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. आईच्या प्लेटलेट्स आता १ लाख ४० हजार आहेत, पपईच्या पानांचा रस चालू ठेवायचा का?’

यातलं प्रत्येक वाक्य हाताने झाकून स्वतःला विचार, हे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांना, दुसऱ्या कुठल्या आजारासाठी पाठवता येईल का? देव, सेवा, उज्ज्वल भविष्य, सगळं कुणालाही पाठवता येईल. १ जुलैला डॉक्टर्स डे असतो, त्या दिवशी असे निरोप सगळ्यांच्या फोनवर येतात. ‘उत्तम सेवा’ तर हॉटेलच्या अभिप्राय-वहीत शोभावी अशी आहे. तुझ्या आईला डेंग्यू झाला होता, एवढंसुद्धा या पत्रात कुठे नाही.

आणि फोनवर तू मला काय सांगितलं होतंस ते आठव. पाचव्या दिवशी ताप उतरला, तुम्ही घरी न्यायची घाई केली, आणि मॅडमनी थांबवलं. मग प्लेटलेट्स २८ हजारांवर आल्या. नातेवाइकांपैकी कुणीतरी ओरडायला लागलं की ‘प्लेटलेट्सची बॅग का लावत नाही?’ तू रक्तपेढीत जायला निघालीस, आणि मॅडम म्हणाल्या, ‘रक्तस्राव कुठेच नाही, आत्ता गरज नाही.’ त्या रात्री त्या दर थोड्या वेळाने येऊन आईची नाडी, बीपी आणि लघवी किती झाली ते बघत होत्या. तुझं पत्र इथे आहे, बेटा, आणि तेच तू गाळलंस.

त्या रात्री नेमकं काय चाललं होतं ते समजून घे, म्हणजे आभार कशाचे मानायचे ते कळेल. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा घरच्यांना हायसं वाटतं, पण डॉक्टरांची काळजी तेव्हाच वाढते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरण्याच्या सुमाराला, काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, रिपोर्टात हिमॅटोक्रिटचा आकडा चढतो, लघवी कमी होते, आणि लक्ष नसेल तर बीपी कोसळून रुग्ण शॉकमध्ये जातो. अशा वेळी सलाइन बेताने द्यावं लागतं. कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर पाणी फुप्फुसांभोवती, पोटात साठतं आणि दम लागतो. म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. प्लेटलेट्सचा आकडा आपल्याला दिसतो, समजतो, म्हणून आपण त्यालाच धरून बसतो. पण रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून सहसा बॅग चढवत नाहीत. चढवलेल्या प्लेटलेट्स फार काळ टिकत नाहीत, कधी रिअ‍ॅक्शनही येते, आणि झिरपणं थांबलं की आकडा आपोआप वर येतो. आकडा फारच खाली गेला किंवा रक्तस्राव सुरू झाला तर निर्णय वेगळा असतो, आणि त्यासाठीच त्या नजर ठेवून होत्या.

काही न करण्याचा निर्णय घेऊन नातेवाइकांचा राग झेलत रात्रभर जागणं, हे त्यांनी तुमच्यासाठी केलं. बॅग लावून मोकळं होणं त्यांना सोपं गेलं असतं. असल्या निर्णयाबद्दल डॉक्टरांना बोलणी खूप मिळतात, आभार क्वचितच. तुला तो निर्णय कळला, एवढंच पत्रात आलं तरी पुष्कळ झालं.

आता व्याकरण. सगळ्यात मोठी चूक ‘आपण आपल्या आईची काळजी केली’ या वाक्यात आहे. ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. शिवाय ‘आपला’ वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो. त्यामुळे तुझ्या वाक्याचा अर्थ होतो की मॅडमनी स्वतःच्याच आईकडे बघितलं! तिथे ‘माझ्या आईची’ हवं. त्यातही ‘काळजी करणं’ म्हणजे चिंता करणं, ते तू केलंस. मॅडमनी काळजी घेतली. पुढे त्याच वाक्यात ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालंय. दोन्ही बरोबर आहेत, पण एका पत्रात एकच ठेव. मी ‘तुम्ही’ ठेवीन. वॉर्डात तू त्यांच्याशी तसंच बोलत होतीस, ‘आपण’ लिहिलं की सरकारी अर्जाचा वास येतो.

‘मी आपले आभारी आहे’ हेही चुकलं. ‘आभारी’ तू आहेस, म्हणून तुझ्याप्रमाणे ‘मी तुमची आभारी आहे’. तुझ्या दादाने लिहिलं तर ‘तुमचा’, घरच्या सगळ्यांनी मिळून लिहिलं तर ‘तुमचे आभारी आहोत’. ‘आभार’ हे नाम मात्र नेहमी अनेकवचनी, म्हणून ‘तुमचे आभार मानते’ हेही चालेल.

‘आई घरी आल्या आहेत’ वाचून हसू आलं. मॅडमना वाटेल सासूबाईंबद्दल लिहितेय. तू आईला ‘अगं आई’ म्हणतेस ना? मग परक्या माणसाला लिहितानाही ‘आई घरी आली आहे’ असंच लिही, त्यात अनादर नाही. बाबांबद्दल लिहिलं असतंस तर ‘बाबा आले आहेत’.

‘माझी मदत केली’ हे आपल्या नागपूरच्या हवेतलं हिंदी. मराठीत ‘मला मदत केली’. बोलताना मीही तसंच बोलतो, सदर-सीताबर्डीत कुणाला खटकतही नाही, पण लिहिताना दुरुस्त कर. ‘मनपूर्वक’चं ‘मनःपूर्वक’ आणि ‘उज्वल’चं ‘उज्ज्वल’ होतं. ते दोन्ही शब्द मी काढतोच आहे, तरी माहीत असू दे. शेवटचं म्हणजे ‘खरंच’ आणि ‘दुसरे रूप’ एकाच वाक्यात नको. मी तुला लिहितोय तशी बोलीतली अनुस्वाराची रूपं ठेव, नाहीतर सगळीकडे लेखी ‘झाले, केले’ ठेव.

पपईच्या रसाचा प्रश्न पत्रातून काढ. आभाराच्या शेवटी प्रश्न आला की आधीचं सगळं त्या प्रश्नासाठीच लिहिलं होतं असं वाटतं, आणि तब्येतीचं उत्तर आईला न बघता त्या देणारही नाहीत.

मी असं लिहीन:

‘डॉक्टर मॅडम,
गेल्या महिन्यात डेंग्यू झाल्यामुळे माझी आई तुमच्या वॉर्डात होती. ताप उतरल्यावर आम्ही तिला घरी नेण्याची घाई केली, तेव्हा तुम्ही थांबवलेत आणि याच दिवसांत जास्त लक्ष ठेवावे लागते, हे आम्हाला कळेल अशा शब्दांत सांगितलेत. प्लेटलेट्स २८ हजारांवर आल्या तेव्हा आम्ही घाबरून बॅगेसाठी हट्ट धरला. रक्तस्राव नाही, म्हणून गरज नाही, असे तुम्ही शांतपणे समजावलेत आणि त्या रात्री कितीतरी वेळा येऊन तिला पाहून गेलात. तुम्ही स्वतः थकलेल्या होतात, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. आई आता बरी आहे आणि सोमवारपासून तिच्या शाळेत जाऊ लागली आहे. मी तुमची मनापासून आभारी आहे.’

खाली तुझं नाव, आणि आईचा वॉर्ड व दाखल केल्याची तारीख, म्हणजे त्यांना रुग्ण आठवेल. ‘थकलेल्या होतात’मध्ये ‘थकलेले’ करू नकोस, मॅडम आहेत. ‘जीव वाचवलात’ असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुला लिहावंसं वाटलं तर लिही, पण माझ्या मते त्या रात्रीचा तपशील जास्त बोलतो. ‘कितीतरी वेळा’च्या जागी तुला नेमकं काही आठवत असेल, त्या काय म्हणाल्या, आईशी कसं बोलल्या, तर तेच घाल. माझे शब्द तुझ्या तोंडी बसत नसतील तर खुशाल बदल. सोमवारचं मात्र तपासून घे, आईची शाळा खरंच सुरू झाली असेल तरच ते वाक्य ठेव.

मॅडम रेसिडेंट आहेत, हे विसरू नकोस. डिस्चार्ज कार्डावर युनिटप्रमुखांचं नाव असतं, म्हणून लोक आभार तिकडेच देऊन येतात आणि रात्रभर जागलेल्या रेसिडेंटपर्यंत ते पोचतच नाहीत. पत्र त्यांच्याच नावाने लिही, नाव वॉर्डातल्या सिस्टरना विचार. रेसिडेंटची पोस्टिंग बदलत राहते, तेव्हा उशीर करू नकोस. त्याचीच एक प्रत युनिटप्रमुखांना दे. रेसिडेंटच्या कामाबद्दल वरिष्ठांपर्यंत बहुधा तक्रारच पोचते, म्हणून ही प्रत मोलाची. रात्रपाळीच्या सिस्टरना याच पत्रात ‘तसेच’ म्हणून गुंडाळू नकोस. त्यांना दोन ओळींची वेगळी चिठ्ठी लिही, आणि त्यांनी जे केलं तेच तीत असू दे.

हाताने लिही, एका पानाच्या आत. पत्राचा फोटो स्टेटसला टाकायचाच असेल तर आईचं डिस्चार्ज कार्ड त्यात येऊ देऊ नकोस, त्यावर तिचं नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं असतं. आणि पपईच्या पानांचं आईला फॉलोअपला ओपीडीत नेशील तेव्हा विचार, केसपेपर सोबत घेऊन जा.

तुझे,
काका