लिसनिंगच्या तासाला आधी शब्दार्थ नको

प्रश्न: बी.एड.चा सराव पाठ आहे, इयत्ता आठवी, इंग्रजी, मराठी माध्यम. लिसनिंगचा पाठ कसा प्लॅन करू? प्री, व्हाइल आणि पोस्ट लिसनिंगमध्ये नेमकं काय घ्यायचं?

उद्दिष्टं वगैरे तुमच्या कॉलेजच्या नमुन्यात असतील तशी पाठ टाचणात उतरवा, त्यात माझं डोकं लावत नाही. मला बोलायचंय ते प्री-लिसनिंगवर, कारण पाठाची वाट तिथेच लागते. पाच-सात मिनिटांच्या वर जायचं नाही आणि उत्तरं हातात द्यायची नाहीत, बास.

मी घेतलेला एक पाठ सांगतो. सहकारी मॅडमकडून मोबाइलवर इंग्रजीत एक निरोप रेकॉर्ड करून घेतला होता, जेमतेम पाऊण मिनिटाचा, वाचून नाही तर बोलल्यासारखा. रायगडची सहल, बस सव्वासहाला, शाळेच्या गेटवरून नाही तर एसटी डेपोतून, चहा-नाश्त्याचे पन्नास रुपये आणायचे, मोबाइल आणायचा नाही पण कॅमेरा चालेल. सुरू करण्याआधी पोरांना एवढंच विचारलं, उद्या सहल आहे आणि मॅडमचा फोन आलाय, काय काय सांगतील? पोरं म्हणाली वेळ, डबा, पैसे, कुठे जमायचं. ते फळ्यावर लिहिलं. झालं प्री-लिसनिंग. मग व्हाइल-लिसनिंग. पहिल्यांदा ऐकायच्या आधी एकच प्रश्न दिला, ठरलेल्यात काही बदल झालाय का? दुसऱ्यांदा ऐकताना वेळ, जागा, पैसे आणि काय आणायचं नाही असा चार रकान्यांचा तक्ता भरायचा. प्रश्न नेहमी ऑडिओच्या आधी द्या, नंतर दिलेत तर तुम्ही स्मरणशक्ती तपासताय.

मागे एक साहेब तपासणीला बसले होते. तास संपल्यावर म्हणाले, "शब्दार्थ कुठंयत? फळ्यावर एकही अर्थ कसा नाही? पोरांना आधी मराठीत सगळं समजावून सांगा, स्क्रिप्ट वाटा, मग ऐकवा." मी म्हटलं, सर, मग ते वाचन झालं. तर त्यांनी शेजारच्या तुकडीवर स्वतः करून दाखवलं, पंधरा-वीस शब्द अर्थासकट फळ्यावर, निरोपाचा सारांश मराठीत, तक्ता आधीच वाटलेला. ऑडिओ लावायच्या आत अर्ध्या वर्गाचा तक्ता भरून तयार! साहेब खूश, लॉगबुकात माझ्या नावावर 'शब्दसंपत्तीकडे दुर्लक्ष' असा शेरा. अहो पण ऐकलं कुणी? तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्नावली ऑडिओ न ऐकलेल्या माणसाला देऊन बघतो. त्याला अंदाजाने जे उत्तर बरोबर येतं तो प्रश्न काढून टाकायचा. "सहलीला पाणी न्यायचं का" हा प्रश्न असाच गेला, ते कुणालाही सांगता येतं.

आता पोस्ट-लिसनिंग. बहुतेक जण इथे उत्तरं तपासून टाळ्या वाजवून मोकळे होतात. खरं शिकवणं इथून सुरू होतं. आधी जोडीत उत्तरं ताडून बघू द्या, कुणाचं बरोबर ते तुम्ही सांगू नका. माझ्या वर्गात पैशांवरून भांडण लागलं, काहींनी पन्नास लिहिलेले, काहींनी पंधरा. तेवढाच तुकडा पुन्हा-पुन्हा लावला. फिफ्टीनमध्ये शेवटचा 'ई' लांबतो आणि त्याला 'न' लागतो, फिफ्टी तिथेच तुटतो, हे पोरांनी स्वतः पकडलं. दुसरा घोळ मोबाइलचा. "यू कान्ट ब्रिंग" मधला शेवटचा ट पोरं शोधत बसतात, आणि घाईत बोलताना तो पुढच्या ब मध्ये गडप होतो. मग आणायचा की नाही कसं कळणार? कान्ट लांब आणि जोरात येतो, नुसता कॅन असला तर घाईत 'कन' होऊन पळतो. हे शब्दार्थ देऊन कधी आलं असतं? पोरांना कॅनचा अर्थ पाचवीपासून येतोय. सगळ्यात शेवटी स्क्रिप्ट वाटून तिसऱ्यांदा ऐकवा, आणि गैरहजर मित्रासाठी निरोप दोन-तीन ओळींत लिहायला सांगा.

आता हेही सांगायला हवं की एखादा शब्द अडला की सगळंच काम अडतं असं असेल तर तो आधी सांगा, तेवढ्याने काही बिघडत नाही. पाचवी-सहावीच्या नवख्या पोरांना रेकॉर्डिंगऐवजी स्वतःच बोलून ऐकवलं तरी चालेल, फक्त शब्द सुटे-सुटे तोडून बोलू नका. साठ पोरांच्या वर्गात मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, स्पीकर आदल्या दिवशी पंखे लावून तपासा. आणि निरीक्षक त्या साहेबांच्या पठडीतले निघाले तर मार्कांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहून ठेवा, तक्त्याच्या उत्तरात न येणारे.